थकलेलं बिल: तगादा कसा लावायचा, काम कधी थांबवायचं

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) या कलमाने बाजारात बरीच धावपळ उडवली होती. छोट्या उद्योगांची बिलं वेळेत दिली नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा धरता येणार नाही, अशी ती तरतूद. मोठे खरेदीदार आपापल्या सीएंना फोन लावत होते आणि छोटे पुरवठादार एकमेकांना विचारत होते, ‘आता आपले पैसे वेळेत मिळणार का?’

काहींचे मिळाले. पण ज्याचं बिल आजही अडकलं आहे, त्याच्यापुढचे प्रश्न रोजचे आणि साधे आहेत. उद्या सकाळी फोन कोणाला करायचा? काय बोलायचं? आणि पैसे येत नसतील तर काम चालू ठेवायचं की थांबवायचं? कायद्याचा उपयोग आहे, पण तो या प्रश्नांच्या नंतर येतो. म्हणून आधी हे प्रश्न घेऊ.

एक उदाहरण धरून चालू

समजा, पुण्यात दोघांचं एक छोटं डिझाइन स्टुडिओ आहे. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची वेबसाइट आणि सोशल मीडिया ते सांभाळतात. महिन्याचे ठरलेले ४०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७,२००, असं बिल ४७,२०० चं होतं. कंपनी १० टक्के टीडीएस, म्हणजे ४,००० कापते. खात्यात येणार ४३,२००. बिल झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे, असं लेखी ठरलेलं आहे.

एप्रिल २०२४ च्या कामाचं बिल १ मेला गेलं. मुदत ३१ मेपर्यंत. जून उजाडला, पैसे नाहीत. मेच्या कामाचं बिल १ जूनला गेलं, त्याची मुदत १ जुलै. जूनचं काम तर चालूच आहे.

वरवर पाहता एकच बिल थकलं आहे. पण जून संपताना स्टुडिओचे तीन महिन्यांचे पैसे कंपनीकडे अडकलेले असतील: १,२९,६०० रुपये. शिवाय मेमध्ये काढलेल्या बिलाचा जीएसटी २० जूनपर्यंत सरकारला भरावाच लागणार. बिलाचे पैसे आले नाहीत म्हणून जीएसटी थांबत नाही आणि पैसे कायमचे बुडाले तरी तो परत मिळण्याची सोय आपल्या जीएसटी कायद्यात नाही. म्हणजे थकलेल्या बिलावर आपण खिशातून भरही घालत असतो.

बिल नेमकं कुठे अडकलं आहे?

माझा अनुभव असा, की थकलेल्या बिलांपैकी पुष्कळशी कोणी ‘द्यायचं नाही’ असं ठरवल्यामुळे थकलेली नसतात. ती कोणाच्या तरी टेबलावर पडलेली असतात. म्हणून पहिल्या फोनचा हेतू पैसे मागणं हा नसावा. बिल कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधणं हा असावा.

कंपनीत बिल साधारण असं फिरतं. ज्यांनी काम दिलं ते काम झाल्याचं मंजूर करतात. मग अकाउंट्स विभाग ते आपल्या पुस्तकात नोंदवतो, त्याला ‘बिल बुक होणं’ म्हणतात. मग ते पेमेंटच्या यादीत जातं. ही यादी रोज निघत नाही. अनेक कंपन्यांत महिन्यातून दोनदा, ठरलेल्या तारखांना निघते. एक तारीख चुकली की बिल आपोआप पुढच्या खेपेवर जातं.

यात अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बिलावर पर्चेस ऑर्डरचा नंबर नाही, किंवा गेल्या वर्षीच्या ऑर्डरचा आहे. कंपनीचा जीएसटी क्रमांक दुसऱ्या राज्यातल्या शाखेचा पडला आहे. ज्यांनी मंजुरी द्यायची ते रजेवर आहेत. आणि एक कारण आपल्याच बाजूचं असतं: आपण जीएसटीआर-१ वेळेत भरला नाही, त्यामुळे आपलं बिल त्यांच्या जीएसटी पोर्टलवर दिसत नाही आणि अकाउंट्सने पेमेंट रोखून धरलं आहे. फोन करण्याआधी हे एकदा तपासून घ्यावं.

म्हणून मुदत संपण्याच्या चार-पाच दिवस आधी, आपल्या उदाहरणात २७ मेला, अकाउंट्सला एक छोटा निरोप पाठवावा:

> नमस्कार मॅडम. एप्रिलच्या कामाचं बिल (दि. १ मे, रु. ४७,२००) आपल्याकडे बुक झालं आहे का, एवढं कळवाल का? काही कागद कमी असेल तर आजच पाठवतो. मुदत ३१ मे आहे.

यात तगादा नाही. अजून मुदत संपलेलीच नाही. पण उत्तर आलं की बिल कुठे आहे ते कळतं. ‘बुक झालंय, १० तारखेच्या पेमेंटमध्ये आहे’ असं उत्तर आलं तर निम्मं काम झालं. ‘कुठलं बिल?’ असं आलं तरी चांगलंच. महिनाभराने कळण्यापेक्षा आज कळलं.

मुदत संपल्यावर

मुदत उलटली की दोन-तीन दिवसांत, ३ जूनला, पहिली आठवण द्यावी. इथे बहुतेकजण संकोचाने गोल गोल लिहितात. ‘जमलं तर बघा’, ‘घाई नाही, पण’, ‘त्रास देतोय, माफ करा’. अकाउंट्सवाल्या माणसासमोर अशी वीस बिलं असतात आणि ज्याने स्वतःच ‘घाई नाही’ लिहिलं, त्याचं बिल तो साहजिकच खाली ठेवतो. सौजन्य शब्दांत असावं, पण मागणीत संदिग्धता नसावी. बिलाचा नंबर, रक्कम, मुदतीची तारीख आणि एकच प्रश्न: पैसे कोणत्या तारखेला येतील?

हा ‘कोणत्या तारखेला’ फार महत्त्वाचा आहे. ‘लवकरच करतो’ हे उत्तर नव्हे. तसं उत्तर आलं तर तिथल्या तिथे विचारावं, ‘मग १० तारखेच्या पेमेंटमध्ये धरू ना?’ समोरचा हो म्हणाला, तर ते त्याच दिवशी लिहून पाठवावं: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे १० जूनला पेमेंट होईल, असं नोंदवून ठेवतो. धन्यवाद.’ फोनवरचं आश्वासन हवेत राहतं. लिहिलेलं टिकतं, आणि पुढे वाद झालाच तर तोच पुरावा ठरतो.

१० जूनलाही पैसे आले नाहीत, तर दुसरी आठवण. या वेळी ज्यांनी काम दिलं त्या मॅनेजरांनाही मेलमध्ये घ्यावं. तक्रार म्हणून नव्हे. अकाउंट्सला आपल्या कामाची गरज नसते, मॅनेजरांना असते. अनेकदा त्यांना बिल अडकल्याचं माहीतही नसतं, आणि ते आतून एक फोन करतात तेव्हा आपल्या दहा मेलचं काम होतं.

आणखी एक पथ्य. आपली अडचण सांगून पैसे मागू नयेत. ‘घरात आजारपण आहे’, ‘पगार द्यायचे आहेत’ हे खरं असलं तरी त्याने विषय हक्कावरून दयेवर जातो. काम झालं, बिल मंजूर झालं, मुदत गेली; मागणीला एवढं कारण पुरतं.

थांबायचं कधी?

आता अवघड भाग. काम थांबवण्याचा निर्णय बहुतेक लोक रागाच्या भरात घेतात, नाहीतर घेतच नाहीत. दोन्ही टाळण्याचा उपाय म्हणजे हा निर्णय भांडण सुरू होण्याआधीच आकड्याने ठरवून ठेवणं.

गल्लीतला किराणा दुकानदार हे बरोबर जाणतो. प्रत्येक घराची उधारीची वही असते आणि प्रत्येक घराची एक मर्यादा त्याच्या मनात पक्की असते. तिथवर तो हसून साखर देतो. मर्यादा आली की तितक्याच शांतपणे म्हणतो, ‘आधीचं थोडं जमा करा, मग देतो.’ तो गिऱ्हाइकावर चिडलेला नसतो. त्याच्या दुकानाला किती उधारी सोसते, ते त्याला ठाऊक असतं.

आपली मर्यादा अशी काढता येते. पुढच्या दोन महिन्यांचे पगार, भाडं, हप्ते बाजूला ठेवल्यावर किती शिल्लक राहते? एका ग्राहकाकडे त्याहून जास्त रक्कम अडकू द्यायची नाही. ती सगळी बुडाली तरी कोणाचा पगार थांबणार नाही, एवढीच उधारी. अडकलेली रक्कम मोजताना थकलेलं बिल, मुदत न संपलेलं बिल आणि अजून बिल न झालेलं काम, असं तिन्ही धरायचं. लोक फक्त पहिलं धरतात आणि तिथेच फसतात.

आपल्या स्टुडिओची ही शिल्लक १,३०,००० आहे असं धरू. १५ जूनला अडकलेली रक्कम अशी: एप्रिलचे ४३,२००, मेचे ४३,२०० आणि जूनच्या अर्ध्या कामाचे २१,६००. एकूण १,०८,०००. अजून मर्यादेच्या आत. ३० जूनला ती १,२९,६०० होईल, मर्यादेला टेकेल. म्हणजे थांबण्याची तारीख आपोआप ठरली: १ जुलै. १५ जूनला थांबणं घाईचं ठरलं असतं. ‘बघू अजून थोडं’ म्हणत ऑगस्टअखेर गेले असते, तर २,१६,००० अडकले असते.

अपवाद एकच. कंपनी इतरांचेही पैसे थकवते आहे, तिथले पगार लांबले आहेत, किंवा अकाउंट्सचे लोक फोन उचलायचेच बंद झाले आहेत, असं कळलं तर मर्यादेची वाट पाहू नये. तिथे बिल टेबलावर पडलेलं नसतं, तिजोरीतच पैसे नसतात.

थांबण्याआधीची सूचना

अचानक काम बंद करणं अयोग्यही आहे आणि धोक्याचंही. करारात ‘मुदतीनंतर इतके दिवस पैसे न आल्यास, सूचना देऊन काम थांबवता येईल आणि कामाच्या तारखा तेवढ्याच पुढे जातील’ असं एक वाक्य असेल तर प्रश्न मिटतो. नसेल, तर उलट आपणच वेळेत काम दिलं नाही असा दावा होऊ शकतो. म्हणून पुढच्या करारात ते वाक्य घालावंच. आणि चालू कामात, करारात असो वा नसो, साधारण दहा दिवसांची लेखी सूचना द्यावी. आपल्या हिशेबाने २० जूनला:

> नमस्कार सर. एप्रिलच्या कामाचं बिल (रु. ४७,२००) ३१ मेला देय होतं. ३ आणि १० जूनला आपलं बोलणं झालं, पण पेमेंट अजून आलेलं नाही. ३० जूनपर्यंत ते जमा झालं नाही, तर १ जुलैपासून नव्या पोस्ट आणि वेबसाइटवरचे बदल आम्हाला थांबवावे लागतील. सुरू असलेली वेबसाइट चालूच राहील. पेमेंट झाल्यापासून दोन कामाच्या दिवसांत आम्ही पुन्हा सुरुवात करू. बिलाबद्दल काही शंका असेल तर कृपया या आठवड्यातच कळवावं.

यात धमकी नाही, उपकाराची भाषा नाही. काय थांबेल, काय थांबणार नाही, कधी थांबेल आणि परत कसं सुरू होईल, हे चार मुद्दे आहेत. ‘कृपया शंका कळवा’ हे वाक्यही सहज घातलेलं नाही. दोन महिन्यांनी ‘काम पसंतच नव्हतं’ असं म्हणायची वाट त्याने अरुंद होते.

सूचना दिली की ती पाळायची. १ जुलैला पैसे आले नसताना ‘एवढी एक पोस्ट करून देतो’ म्हटलं, की पुढच्या सूचनेला काही वजन राहत नाही.

थांबवणं म्हणजे अडवणं नव्हे

इथे पुष्कळजण चुकतात. नवं काम न करणं वेगळं आणि ग्राहकाची वस्तू अडकवून ठेवणं वेगळं. चालू वेबसाइट बंद पाडणं, पासवर्ड बदलणं, त्यांच्या पानावर ‘पैसे दिले नाहीत’ असं लिहिणं, हे करू नये. ज्याला वापराचा हक्क आहे त्याला संगणक-प्रणालीपासून रोखणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात मोडू शकतं आणि नुकसानभरपाई आपल्याच अंगावर येऊ शकते. होस्टिंगचं नूतनीकरण जवळ आलं असेल, तर ते आपल्या पैशाने करू नये, पण तारीख त्यांना वेळेत लेखी कळवावी.

वस्तूवर मजुरीचं काम करणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. भोसरीत जॉबवर्क करणारा कारखानदार किंवा शिवणकाम करणारा, यांच्याकडे ग्राहकाचा माल असतो. भारतीय करार कायद्याच्या १७० व्या कलमाप्रमाणे, ज्या मालावर काम केलं तो माल मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेण्याचा हक्क त्यांना आहे. पण त्या कलमाखालचंच उदाहरण वाचण्यासारखं आहे: शिंप्याने कोट शिवून होताच द्यायचं आणि पैसे तीन महिन्यांनी घ्यायचं कबूल केलं असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. ३० किंवा ४५ दिवसांच्या उधारीवर काम घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

‘असं केलं तर पार्टी तुटेल’

ही भीती खरी आहे. काही ग्राहक खरंच जातात. पण कोण जातं, तेही पाहावं. ज्याचं बिल चुकून अडकलं होतं, तो अशा सूचनेने रागावत नाही. बहुतेकदा त्याच आठवड्यात पैसे देतो. सूचनेवरच जो तुटतो, तो पुढची तीन बिलंही अशीच लटकवणार होता.

‘पण माझं निम्मं उत्पन्न त्या एकाच कंपनीकडून येतं’ असं असेल, तर एकदम थांबणं परवडत नाही. तिथे काम कमी करावं. तातडीचं तेवढं चालू, नवीन काही हाती घ्यायचं नाही, आणि नव्या कामासाठी अर्धे पैसे आधी.

थोडे पैसे दिले तर? घ्यावेत, आणि ते कोणत्या बिलाचे आहेत ते लेखी विचारावं. त्यांनी सांगितलं नाही तर करार कायद्याप्रमाणे आपण ते सर्वांत जुन्या बिलात जमा धरू शकतो. काम सुरू करायचं की नाही, याचं उत्तर पुन्हा मर्यादेच्या आकड्यात आहे. २०,००० आले तर अडकलेली रक्कम १,०९,६०० होते, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांच्या कामापुरती जागा झाली. तेवढंच काम.

कायदा कधी काढायचा?

पहिल्या पत्रात नव्हे. सूचना देऊनही हालचाल झाली नाही, तेव्हा.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली असली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. जून २०२४ मध्ये बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. आपल्या ४७,२०० च्या बिलावर पहिल्या महिन्याचं साधारण ८०० रुपये. रक्कम मोठी नाही, पण मेलमध्ये हा हिशेब आला की बिल अकाउंट्सच्या मोठ्या साहेबांपर्यंत पोचतं.

यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती काम घेण्याआधीची असावी. नंतर केलेल्या नोंदणीवरून वाद होतात. नोंदणी मोफत आणि ऑनलाइन आहे, तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. दुसरी मर्यादा अशी, की हे संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसता माल विकत घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी होते, पण थकबाकीच्या या तरतुदी त्याला लागू होत नाहीत. सुरुवातीला सांगितलेल्या आयकराच्या तरतुदीचा दबावही याच मुदतींवर उभा आहे, आणि तो मार्चअखेरीस सर्वाधिक जाणवतो. याखेरीज १८० दिवसांत बिल दिलं नाही तर खरेदीदाराला त्यावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पाचव्या महिन्यात त्यांच्या अकाउंट्सला याची आठवण करून देणं अगदी रास्त आहे.

तरीही पैसे नाहीत, तर सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. त्यासाठी सरकारी पोर्टल आहे. पुरवठादार ज्या राज्यात आहे तिथली परिषद प्रकरण ऐकते, त्यामुळे ग्राहक बंगळुरूचा असला तरी पुण्याच्या माणसाला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. आधी तडजोडीचा प्रयत्न, मग लवाद. निकाल आपल्या बाजूने लागला आणि कंपनीला त्याला आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात ९० दिवस लिहिले आहेत. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ जातो, हे धरूनच अर्ज करावा.

तोवर एक कागद मात्र सांभाळावा. ३१ मार्चनंतर अनेक कंपन्या ‘तुमची आमच्याकडे इतकी बाकी दिसते, खात्री करा’ असं बाकी-पडताळणीचं पत्र पाठवतात. ते केराच्या टोपलीत जाऊ देऊ नये. पैशाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी कंपनीने सहीनिशी बाकी मान्य केली असेल, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते.

पैसे आले, मग?

आपल्या उदाहरणातल्या कंपनीने ८ जुलैला एप्रिल आणि मे, दोन्ही बिलांचे पैसे भरले असं समजू. स्टुडिओने आधी पोच द्यावी आणि कबूल केल्याप्रमाणे दोन दिवसांत काम सुरू करावं. झालेल्या गोष्टीचा उल्लेखही नको. आठवडाभर काम बंद होतं, तेवढ्या दिवसांचे पैसे जुलैच्या बिलातून वगळावेत. न केलेल्या कामाचं बिल लावलं तर पुढचा वाद आपणच सुरू करतो.

मग निवांत वेळी एकच बदल सुचवावा: महिन्याचं बिल महिना संपल्यावर न काढता त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला काढायचं आणि त्याची मुदत १५ दिवसांची ठेवायची. कंपनीच्या एकूण खर्चात एका रुपयाचाही फरक पडत नाही, त्यामुळे मॅनेजर हे सहसा मान्य करतात. स्टुडिओच्या बाजूने मात्र हिशेब असा बदलतो, की वेळेत पैसे आले तर महिन्याच्या मध्याला फक्त २१,६०० रुपयांचं काम अडकलेलं असतं, आणि एखादं बिल चुकलंच तर ते चुकल्याचं दीड महिना आधी कळतं.